दिवाणी दाव्यातील प्रकटीकरण, प्रश्नावली आणि दस्तऐवजांचे निरीक्षण

दिवाणी दाव्यातील प्रकटीकरण म्हणजे दाव्याच्या निकालास आवश्यक असलेली, परंतु विरुद्ध पक्षाच्या माहितीत किंवा ताब्यात असलेली वस्तुस्थिती आणि कागदपत्रे न्यायालयामार्फत उघड करून घेण्याची प्रक्रिया होय. न्यायालयीन बोलीत तिला डिस्कव्हरी म्हणतात. भारतात ही प्रक्रिया दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ३० आणि आदेश ११ मध्ये सांगितलेली आहे. लेखी प्रश्न विचारून शपथेवर उत्तरे मिळवणे (प्रश्नावली), ताब्यातील कागदपत्रांची यादी शपथपत्रावर मागणे, आणि ते कागद प्रत्यक्ष पाहणे व त्यांच्या नकला घेणे (निरीक्षण) अशी तिची तीन अंगे आहेत.

मराठवाडा पूर्वी हैदराबाद संस्थानात असल्याने तेथे संस्थानची स्वतंत्र दिवाणी प्रक्रिया होती. १९०८ ची संहिता या भागास १ एप्रिल १९५१ पासून लागू झाली. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील दिवाणी न्यायालयांत आज आदेश ११ खालील अर्ज बहुधा वाटणीच्या आणि जमिनीच्या मालकीच्या दाव्यांत दिसतात.

नोटीस आणि आदेश यांतील फरक

आदेश ११ मधील सर्व साधने सारख्या बळाची नाहीत, आणि व्यवहारात बहुतेक चुका येथेच होतात. काही साधने पक्षकाराने विरुद्ध पक्षाला नुसती नोटीस देऊन वापरता येतात. काहींसाठी न्यायालयाची परवानगी किंवा आदेश लागतो. कोणते साधन वापरले यावर न ऐकणाऱ्याचे काय होणार हे ठरते.

विरुद्ध पक्षाने आपल्या वादपत्रात, कैफियतीत किंवा शपथपत्रात ज्या कागदाचा उल्लेख केला आहे, तो दाखवण्याची नोटीस नियम १५ प्रमाणे मुद्दे निश्चित होण्यापूर्वी किंवा त्या वेळी देता येते. यासाठी न्यायाधीशांकडे जावे लागत नाही. नोटीस मिळाल्यापासून १० दिवसांच्या आत विरुद्ध पक्षाने उलट नोटिशीने पुढील ३ दिवसांतील एक वेळ कळवायची असते. निरीक्षण सामान्यतः त्याच्या वकिलाच्या कार्यालयात होते. त्याने कागद दाखवलाच नाही, तर पुढे तो कागद स्वतःच्या बाजूने पुराव्यात देण्याचा त्याचा हक्क जातो. तो परत मिळवण्यासाठी न दाखवण्याचे पुरेसे कारण न्यायालयाला पटवावे लागते. प्रतिवादीला आणखी एक सबब आहे : कागद केवळ त्याच्याच हक्काशी संबंधित होता हे तो दाखवू शकतो. मात्र एवढ्याने दावा किंवा बचाव संपत नाही. त्यासाठी न्यायालयाचा आदेश आणि त्या आदेशाचा भंग, दोन्ही लागतात.

ज्या कागदाचा विरुद्ध पक्षाने कोठेही उल्लेख केलेला नाही, तो त्याच्याकडे आहे की नाही हेच आधी ठरवावे लागते. त्यासाठी नियम १२ चा अर्ज आहे.

एका वाटणी दाव्याचे उदाहरण

पुढील उदाहरण काल्पनिक असले, तरी अशा प्रकारचे दावे या जिल्ह्यात अपरिचित नाहीत. बिडकीन परिसरातील वडिलार्जित शेतीचा काही भाग औद्योगिक वसाहतीसाठी संपादित झाला आणि मोबदला भावाच्या बँक खात्यात जमा झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर दोन बहिणींनी उरलेल्या शेतीत आणि मोबदल्यात हिस्सा मागणारा दावा लावला. भावाने कैफियतीत म्हटले की, बहिणींनी आपल्या हिश्श्यापोटी रोख रक्कम घेतली असून हक्क सोडल्याचा लेख मुद्रांकावर लिहून दिला आहे. लेखाची तारीख, रक्कम किंवा साक्षीदार कैफियतीत नाहीत, आणि मूळ लेखही हजर केलेला नाही.

लेखाचा उल्लेख कैफियतीत असल्याने त्याच्यासाठी बहिणींना नियम १५ ची नोटीस पुरते. निरीक्षण मूळ लेखाचे करावे. झेरॉक्स प्रतीवरून अनेक गोष्टी कळत नाहीत. मुद्रांकाच्या मागील बाजूस विक्रीचा अनुक्रमांक, तारीख, घेणाऱ्याचे नाव आणि विक्रेत्याची सही असते. मुद्रांक विकल्याची तारीख लेखावरील तारखेनंतरची निघाली, तर लेख मागाहून तयार केल्याचा तो बोलका पुरावा होतो. लेख नोंदणीकृत आहे का हेही तेव्हाच पाहावे. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडणाऱ्या लेखाची नोंदणी आवश्यक असते, आणि नोंदणी नसेल तर भावाच्या बचावाचा मुख्य आधारच डळमळतो. जुन्या दाव्यांत निजामकालीन उर्दू किंवा मोडीतील कागद पुढे येतात. तेथे निरीक्षणाला जाताना ती लिपी वाचणारा माणूस बरोबर नसेल, तर निरीक्षण केवळ नावापुरते होते.

रोख रक्कम दिल्याचा तपशील मात्र कागदात मिळेलच असे नाही. तेथे प्रश्नावली उपयोगी पडते. प्रश्न आधी न्यायालयापुढे ठेवावे लागतात, आणि अर्ज दाखल झाल्यापासून ७ दिवसांत न्यायालयाने त्यावर निर्णय देणे अपेक्षित आहे. न्यायालयाच्या वेगळ्या आदेशाशिवाय एका पक्षाला एकच प्रश्नसंच देता येतो, म्हणून तो विचारपूर्वक लिहावा लागतो. आपल्या उदाहरणात मोबदल्याची किती रक्कम कोणत्या तारखेला आणि कोणत्या खात्यात जमा झाली, प्रत्येक बहिणीला किती रक्कम केव्हा आणि कोठे दिली, ती बँकेतून काढली होती का, आणि मूळ लेख आज कोणाकडे आहे, हे प्रश्न मंजूर होण्यासारखे आहेत. ते दाव्यातील वादविषयाशी थेट जोडलेले आहेत, आणि त्यांची उत्तरे भावालाच ठाऊक आहेत.

याउलट, ‘रक्कम दिल्याची साक्ष कोण देणार आहे?’ हा प्रश्न सहसा नाकारला जातो. प्रश्नावलीतून विरुद्ध पक्षाची वस्तुस्थिती विचारता येते, ती सिद्ध करण्यासाठी तो आणणार असलेला पुरावा विचारता येत नाही. ‘वडिलांच्या आजारपणात तुम्ही त्यांना फसवले हे खरे ना?’ असा बदनामीकारक किंवा केवळ विश्वासार्हतेवर घाव घालणारा प्रश्न उलटतपासणीत कदाचित चालेल, पण प्रश्नावलीत चालत नाही. रायबरेलीच्या निवडणूक याचिकेतून उद्भवलेल्या राज नारायण विरुद्ध इंदिरा गांधी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हा फरक स्पष्ट केला : उलटतपासणीत संबद्ध असणारा प्रत्येक प्रश्न प्रश्नावलीत संबद्ध ठरत नाही.

प्रश्नावली मिळाल्यापासून १० दिवसांत शपथपत्रावर उत्तर द्यावे लागते. ‘माहीत नाही’, ‘आठवत नाही’ अशी उत्तरे आल्यास किंवा उत्तर अपुरे असल्यास नियम ११ खाली पुरेसे उत्तर देण्याचा आदेश मागता येतो. समजा, भावाने शपथेवर लिहिले की रक्कम एका विशिष्ट दिवशी बँकेतून काढून त्याच दिवशी बहिणींना दिली. येथपासून त्याचे मोघम विधान तपासता येण्याजोगे होते. बहिणी या उत्तरांपैकी हवी तेवढीच नियम २२ प्रमाणे पुराव्यात वापरू शकतात. उरलेली उत्तरे त्यांच्याशी इतकी निगडित असतील की त्यांच्याशिवाय अर्थ बदलतो, तर न्यायालय तीही पुढे ठेवायला सांगते.

कागदपत्रांचे शपथपत्र

बँकेच्या पासबुकाचा उल्लेख कैफियतीत नाही, म्हणून बहिणींना नियम १२ खाली अर्ज करावा लागेल. अर्ज मंजूर झाल्यावर भावाला ठरावीक नमुन्यात शपथपत्र द्यावे लागते. त्यात आपल्याकडे असलेले आणि दाखवण्यास हरकत नसलेले कागद, असलेले पण दाखवण्यास हरकत असलेले कागद, आणि पूर्वी आपल्याकडे होते पण आता नाहीत असे कागद वेगवेगळे लिहायचे असतात. तिसऱ्या प्रकारात ते शेवटी केव्हा आपल्याकडे होते, त्यांचे काय झाले आणि आता कोणाकडे आहेत हेही सांगावे लागते. पासबुक ‘हरवले’ एवढे म्हणून भागत नाही ते या रकान्यामुळे. वकिलाशी झालेला सल्लामसलतीचा पत्रव्यवहार दुसऱ्या प्रकारात येतो. तो दाखवण्याची सक्ती होत नाही, पण दाखवण्यास नकार देण्याचा हक्क योग्य आहे का हे ठरवण्यासाठी न्यायालय स्वतः कागद पाहू शकते.

मागितलेला कागद पुराव्यात ग्राह्य असलाच पाहिजे असे नाही. एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या १९७२ च्या निकालानुसार, त्या कागदाने वादविषयावर प्रकाश पडत असेल तर तो प्रकटीकरणास पुरतो. तरी ‘सर्व कागद दाखवा’ अशी सरसकट मागणी टिकत नाही. सातबारा, फेरफार, भूसंपादनाचा निवाडा, नोंदणीकृत खरेदीखत अशा ज्या कागदांच्या प्रमाणित नकला तलाठी, भूसंपादन कार्यालय किंवा दुय्यम निबंधकाकडून मिळतात, त्यांच्यासाठी भावावर सक्ती मागणे बहुधा वेळेचा अपव्यय ठरतो. बँक ही दाव्यात पक्षकार नसल्याने तिला आदेश ११ लागू नाही. खातेउतारा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, १८९१ खाली न्यायालयाच्या आदेशाने मिळवावा लागतो. शपथेवरील तारखेला खात्यातून रक्कम काढल्याची नोंद नसेल, तर प्रश्नावली आणि उतारा एकमेकांसमोर ठेवता येतात.

बहिणींनी मोबदल्यातून भावाने चालवलेल्या दुकानाचे सर्व हिशेब मागितले, तर न्यायालय नियम २० चा आधार घेऊन ते पुढे ढकलू शकते. बहिणींचा हिस्साच नाही असे ठरले तर हिशेबांची गरज उरत नाही, म्हणून आधी हक्काचा मुद्दा आणि मग हिशेब हा क्रम लावला जातो.

आदेश न पाळल्यास

प्रश्नावलीचे उत्तर, कागदांचे शपथपत्र किंवा निरीक्षण यांविषयीचा आदेश पाळला नाही, तर नियम २१ प्रमाणे वादीचा दावा फेटाळता येतो आणि प्रतिवादीचा बचाव काढून टाकता येतो. दावा असा फेटाळला गेल्यास वादीला त्याच कारणावर नवा दावा लावता येत नाही. शिक्षा कठोर असल्याने न्यायालये ती सहजासहजी देत नाहीत. बब्बर सुईंग मशीन कंपनी विरुद्ध त्रिलोकनाथ महाजन (१९७८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती केवळ हेतुपुरस्सर आणि हटवादी अवज्ञेसाठी राखून ठेवली. एखादी तारीख चुकली म्हणून बचाव जात नाही. त्यामुळे अर्ज करणाऱ्याने आदेशाची तारीख, दिलेली मुदत आणि प्रत्येक चुकवणूक नोंदीवर आणणे महत्त्वाचे ठरते.

नियम २१ खालील आदेशावर अपील आहे. प्रश्नावली मंजूर किंवा नामंजूर करणाऱ्या नेहमीच्या अंतरिम आदेशावर मात्र अपील नाही. मराठवाड्यातील पक्षकार अशा वेळी संविधानाच्या अनुच्छेद २२७ खाली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे रिट याचिका करतात. हे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले.

मागणी न करताही प्रतिकूल अनुमान

आदेश ११ खाली काहीच मागितले नाही तर कागद दडवणारा सुटतो का, हा प्रश्न कल्याणजवळील हाजी मलंग दर्ग्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध मोहम्मद हाजी लतीफ (१९६८) या खटल्यात क्रमांक १३४ ची जमीन दर्ग्याची की केतकरांची, हा वाद होता. केतकरांनी साक्षीत जमिनीचे उत्पन्न आपण घेत असल्याचे आणि दर्ग्याच्या उत्पन्नाचे हिशेब वेगळे ठेवल्याचे मान्य केले, पण कोणतेही हिशेब हजर केले नाहीत. मागणी झाल्याशिवाय हिशेब हजर करण्याचे कर्तव्य त्यांच्यावर नव्हते आणि सिद्धीचा भार विरुद्ध पक्षावर होता, असा युक्तिवाद त्यांचे वकील गोखले यांनी केला. न्यायालयाने तो अमान्य केला. वादावर प्रकाश टाकणारा उत्तम पुरावा स्वतःकडे असताना केवळ सिद्धीच्या भारावर विसंबून तो दडवणाऱ्या पक्षाविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढता येते, असे न्यायालयाने म्हटले. या अनुमानाचा वैधानिक आधार पूर्वी भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ११४ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ११९ मध्ये आहे.

मात्र असे अनुमान काढणे न्यायालयाच्या इच्छेवर असते, आणि त्यासाठी कागद त्या पक्षाकडे आहे हे आधी दिसावे लागते. केतकरांनी ते साक्षीत स्वतःच कबूल केले होते. जेथे अशी कबुली येण्याचा संभव नाही, तेथे ती आधीच शपथेवर मिळवण्याचा मार्ग नियम १२ चे शपथपत्र हाच आहे.

वाणिज्यिक दावे

वाणिज्य न्यायालये अधिनियम, २०१५ खालील दाव्यांना आदेश ११ चे वेगळे रूप लागू होते. वरील सर्व पायऱ्या मागणीवर चालतात. वाणिज्यिक दाव्यात मात्र दोन्ही पक्षांनी आपल्याकडील सर्व संबंधित कागद, स्वतःच्या बाजूला मारक असले तरी, वादपत्र किंवा कैफियतीबरोबरच हजर करावे लागतात. निरीक्षणासाठी कैफियत दाखल झाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे आणि न्यायालय ती आणखी ३० दिवसांनी वाढवू शकते. वाटणीचे किंवा घरगुती मालमत्तेचे दावे या अधिनियमात येत नाहीत.