हलफनाम्यातील दोन शब्द

चाकूर निजामाच्या राज्यात असता कोर्टाची भाषा उर्दू होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले. परंतु जमिनीच्या तंट्यांत जुने हलफनामे मराठीत उतरविण्याचे काम उरलेच. समजा, त्यात लिहिले आहे, ‘मी या शेतावर काबिज आहे.’ भाषांतरकाराने येथे ‘मालक’ लिहिले, की दावाच फिरला! काबिज म्हणजे ताबा असलेला, मालकी निराळी. शेवटी येते, ‘माझ्या इल्म व यकीनप्रमाणे खरे.’ ‘इल्म’ म्हणजे जातमाहिती; ‘यकीन’ला मात्र ‘खात्री’ म्हणणे घातक, कारण कायद्याच्या दृष्टीने ती केवळ समजूत होय. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेनुसार समजूत फक्त अंतरिम अर्जातच चालते, तीही कारणांसह. मूळची चूक भाषांतरकाराने सुधारू नये. खाडाखोड कंसात नोंदवावी आणि मगच ‘खरे व पूर्ण भाषांतर’ अशा दाखल्याखाली सही करावी.