'फोनिक्स' की 'होल लँग्वेज'? मराठी वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी काय उपयोगी ठरतं?

पहिलीतल्या मुलीसमोर पुस्तक आहे. चित्रात एक मुलगी डोक्यावर हंडा घेऊन चालली आहे. खाली लिहिलंय, 'मीना पाणी आणते.' ती वाचते, 'मुलगी पाणी आणते.'

तिला वाचता येतं का? याच प्रश्नावर जगभरातले शिक्षणतज्ज्ञ कित्येक दशकं वाद घालत आहेत.

वाद नेमका काय आहे?

'होल लँग्वेज' म्हणजे समग्र भाषा पद्धत. मूल अर्थ, चित्र आणि संदर्भ यांच्या आधारे अंदाज बांधत वाचतं, म्हणून त्याला भरपूर गोष्टी द्या, अक्षरं त्यातूनच येतील, असं ही पद्धत मानते. अमेरिकेतले केनेथ गुडमन यांनी १९६७ मध्ये वाचनाला अंदाजाचा खेळ म्हटलं होतं. त्यांच्या दृष्टीने 'मुलगी' ही चूक फारशी गंभीर नाही, कारण अर्थ बिघडलेला नाही.

'फोनिक्स'वाले म्हणतील, तिने शब्द वाचलाच नाही, चित्र वाचलं. या पद्धतीत कोणत्या चिन्हाचा आवाज काय आणि ते आवाज जोडून शब्द कसा होतो, हे क्रमाने, उघडपणे शिकवतात.

अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २००० साली ३८ अभ्यास तपासले. क्रमवार फोनिक्स शिकलेली मुलं पुढे होती आणि सुरुवातीच्या वर्गांत हा फायदा जास्त होता. पण हे अभ्यास इंग्रजीचे होते.

मराठीत काय वेगळं आहे?

इंग्रजीत २६ अक्षरं, पण उच्चारांचा भरवसा नाही. मराठीत उच्चार बराचसा नियमित, पण चिन्हं खूप. प्रत्येक व्यंजनाला मात्रा लागून बाराखडी होते, म्हणजे काहीशे रूपं. त्यात 'पिन'मधली वेलांटी 'प'च्या आधी दिसते, पण ऐकू येते नंतर. 'पान' लिहिताना 'न' पूर्ण, बोलताना मात्र शेवटचा 'अ' गायब. जोडाक्षरं तर पुढचीच गोष्ट.

म्हणून आधी 'क ते ज्ञ' पाठ आणि मग मात्रा, असं केलं तर मुलाला पहिलं अर्थपूर्ण वाक्य वाचायला कित्येक महिने थांबावं लागतं.

दुसरा मार्ग म्हणजे थोडी अक्षरं आणि मात्रा एकत्र घेणं. समजा, म, न, प, ण ही चार अक्षरं आणि ा, ी या दोनच मात्रा शिकवल्या. मात्रेशिवायची रूपं धरून १२ चिन्हं झाली. तेवढ्यात मान, पान, पाणी, नाणी, मामा, मामी, मीना असे शब्द तयार होतात आणि 'मीना, पाणी पी' हे वाक्यही. अक्षरं क्रमाने शिकवली जातात आणि अर्थही पहिल्या आठवड्यांपासून हाती असतो.

महाराष्ट्रात अभ्यास झालाय का?

हो. शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यात कन्नड आणि महाराष्ट्रातल्या वाडा तालुक्यात मराठी शिकणाऱ्या मुलांचा पहिली ते तिसरी पाठपुरावा केला. अहवाल २०१७ मध्ये आला. तिसरीतही अनेक मुलं मात्रांवर अडखळत होती आणि समजून वाचणं त्याहून मागे होतं. वर्गात बहुतेक वेळ फळ्यावरून उतरवणं आणि एकसुरात म्हणणं यात जात होता. आधी अक्षरं, अर्थ नंतर, ही समजूत मोडायला हवी, असं अभ्यासकांनी सुचवलं.

कर्जतच्या कशेळे परिसरासाठीही हे महत्त्वाचं आहे. इथे ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. घरी ठाकरी किंवा कातकरी बोलणाऱ्या मुलासाठी पुस्तकातला शब्दच अनोळखी असेल, तर त्याने अक्षरं बरोबर जोडली तरी अर्थ लागत नाही. अशा वेळी शब्दावर आधी बोलणं, त्याच्या बोलीतला शब्द शेजारी ठेवणं आणि रोज गोष्ट वाचून दाखवणं ही कामं फोनिक्स करत नाही.

अडचण कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

चित्र झाका आणि मुलाला 'मीपा', 'नाणू' असे अर्थ नसलेले शब्द द्या. शिकलेली अक्षरं असूनही ते जमलं नाही, तर मूल पाठांतरावर किंवा अंदाजावर चाललंय. त्याला अक्षर आणि मात्रा जोडण्याचा सराव हवा.

मग तेच वाक्य तुम्ही मोठ्याने वाचा आणि प्रश्न विचारा. ऐकूनही समजत नसेल, तर अडचण लिपीची नाही, भाषेची आहे. तिथे आणखी बाराखडी घोकून काही होणार नाही, गप्पा आणि गोष्टी हव्यात.

सुरुवातीच्या मुलीला 'मीना'तला 'मी' दाखवायला हवा. आणि ती पाणी कुठून आणत असेल, हेही विचारायला हवं.