संहत आम्लाचे विरलीकरण : उष्णता किती आणि केव्हा?

आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये, हा प्रयोगशाळेतील नियम सर्वपरिचित आहे. त्यामागील हिशेब सल्फ्युरिक आम्लाच्या (गंधकाम्लाच्या) उदाहरणावरून स्पष्ट होतो.

एक मोल, म्हणजे ९८ ग्रॅम शुद्ध सल्फ्युरिक आम्ल ठरावीक मोल पाण्यात पूर्णपणे मिसळले असता एकूण जितकी उष्णता बाहेर पडते, तिला त्या प्रमाणाची संकलित द्रावण-उष्णता म्हणतात. २५ अंश सेल्सिअस तापमानाला हे आकडे असे आहेत : एक मोल आम्लामागे एक मोल पाणी असल्यास सुमारे २८ किलोज्यूल, दोन मोल पाण्यास ४२, पाच मोल पाण्यास ५८, दहा मोल पाण्यास ६७ आणि पंचवीस मोल पाण्यास ७२ किलोज्यूल. पाण्याच्या पहिल्या मोलाने २८ किलोज्यूल उष्णता मुक्त होते. दहापासून पंचविसापर्यंतच्या पंधरा मोलांनी मिळून जेमतेम पाच. आम्लाचा रेणू पहिल्या काही जलरेणूंशी अतिशय घट्ट बांधला जातो, हे याचे कारण होय.

विरलीकरणाची उष्णता, म्हणजेच विरलीकरणाची एन्थाल्पी, ही अशा दोन आकड्यांमधील वजाबाकी असते. द्रावण एका टप्प्यात विरल केले काय किंवा अनेक टप्प्यांत, एकूण उष्णता तितकीच राहते. जर्मेन हेस या रसायनशास्त्रज्ञाने १८४० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे हा नियम मांडला, तोही सल्फ्युरिक आम्ल वेगवेगळ्या प्रमाणात विरल करून नंतर अमोनियाने उदासीन करण्याच्या प्रयोगांवरून.

आता प्रत्यक्ष उदाहरण पाहू. बाजारातील ९८ टक्के आम्लाच्या १०० मिलिलिटरचे वजन १८४ ग्रॅम भरते. त्यात १८० ग्रॅम, म्हणजे १.८४ मोल शुद्ध आम्ल असते. ते सुमारे ३३० मिलिलिटर पाण्यात मिसळल्यास एका मोलामागे दहा मोल पाणी हे प्रमाण येते आणि सुमारे ३५ टक्के द्रावण तयार होते. मोटारीच्या बॅटरीतील आम्लाची संहती जवळपास इतकीच असते. मूळ आम्लातील दोन टक्के पाण्यामुळे मोलामागे सुमारे ४ किलोज्यूल उष्णता आधीच खर्ची पडलेली असते. ती ६७ मधून वजा केल्यास ६३ उरतात. त्यांना १.८४ ने गुणल्यास ११६ किलोज्यूल मिळतात. द्रावणाचे वजन ५१२ ग्रॅम आणि विशिष्ट उष्मा दर ग्रॅमला सुमारे ३.१ ज्यूल धरल्यास तापमानवाढ सुमारे ७३ अंश येते. २५ अंशांवरील पाणी व आम्ल घेतले, तर द्रावण जवळजवळ १०० अंशांवर पोहोचेल.

तेच आम्ल ८२५ मिलिलिटर पाण्यात मिसळले, तर उष्णता थोडी अधिक, म्हणजे १२६ किलोज्यूल निघते. परंतु ती सुमारे एक किलो द्रावणात विभागली गेल्याने तापमान ३५ अंशांनीच वाढते. याउलट, थंड झालेले ३५ टक्के द्रावण याच प्रमाणापर्यंत विरल केल्यास वाढ जेमतेम तीन अंशांची असते. म्हणजे बहुतेक सारी उष्णता आरंभीच्या पाण्यानेच बाहेर पडते.

मिसळण्याच्या क्रमाचे महत्त्व येथेच कळते. आम्लावर पाणी ओतल्यास हलके पाणी वर तरंगते आणि सीमेवर पाणी थोडे, आम्ल भरपूर, अशी स्थिती येते. तेथे दर ग्रॅम पाण्यामागे सुमारे १.७ किलोज्यूल उष्णता निघते. एक ग्रॅम पाणी उकळीला आणण्यास ०.३ किलोज्यूल पुरतात आणि त्याची वाफ होण्यास २.३ किलोज्यूल लागतात. उष्णता तेथेच कोंडली, तर निम्म्याहून अधिक पाण्याची वाफ होऊ शकते आणि तीच आम्लाचे थेंब बाहेर उडवते. आम्ल पाण्यात सोडल्यास ही उष्णता सभोवतालचे पाणी शोषून घेते.

तथापि, जड आम्ल ढवळल्याविना तळाशी साचू शकते. हिशेबाने ७३ अंशांची वाढ अपेक्षित असताना वरच्या थरातील तापमापी बरीच कमी वाढ दाखवीत असेल, तर आम्ल नीट मिसळले नसल्याची शंका घ्यावी. नंतर एकदम ढवळल्यास उरलेली उष्णता एकाच वेळी मुक्त होते. म्हणून उष्णता सोसणारे भांडे थंड पाण्यात ठेवून, आम्ल थोडे थोडे सोडत आणि सतत ढवळत राहणे आवश्यक ठरते.

या हिशेबात भांड्याने शोषलेली व हवेत गेलेली उष्णता धरलेली नाही. त्यामुळे प्रत्यक्ष तापमान सहसा काहीसे कमी भरते. तसेच अनंत विरलीकरणाचा ९६ किलोज्यूल हा आकडा येथे वापरू नये. शेवटची वाढ अतिविरल द्रावणात, उरलेल्या आम्लाचे आयनीभवन होताना येते आणि तेवढ्या पाण्यात तिचा तापमानावर परिणाम जाणवत नाही.