गोव्याच्या ३७०२ मध्ये समुद्र आहे का?

परवा भाचा शाळेचा प्रकल्प घेऊन बसला होता. पहिल्याच पानावर त्याने लिहिले होते, 'गोव्याचे क्षेत्रफळ ३७०२ चौ.कि.मी., किनारा सुमारे १०५ कि.मी.' मग पेन्सिल थांबवून त्याने विचारले, "मामा, ह्या ३७०२ मध्ये समुद्र धरलाय काय रे?" सरकारी कागदांत हा आकडा मी शेकडो वेळा लिहिला आहे, पण असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या निमित्ताने थोडे शोधले, ते आपल्यापुढे मांडतो.

उत्तर आधी सांगतो. समुद्र धरलेला नाही. हे पडताळायला फार लांब जावे लागत नाही. २०११ च्या जनगणनेत उत्तर गोवा १७३६ आणि दक्षिण गोवा १९६६ होता, मिळून बरोबर ३७०२. जिल्हा म्हणजे तालुक्यांची बेरीज आणि तालुका म्हणजे गावे-शहरांची. समुद्रात कुणाचे गाव नाही, तेव्हा त्या बेरजेत समुद्र शिरायला वाटच नाही. दुसरी खूण जनगणनेत सापडते. २०११ साली गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती आणि घनता दर चौ.कि.मी.ला ३९४ छापली आहे. भागून पाहा, खाली ३७०२ च येतात.

आता समुद्र धरलाच तर? भारताचा क्षेत्रीय समुद्र १२ सागरी मैलांचा आहे. एक सागरी मैल १.८५२ कि.मी.चा, म्हणजे किनाऱ्यापासून साधारण २२.२ कि.मी. ही रुंदी मोजायची ती ओहोटीच्या, म्हणजे आपल्या सुकतीच्या रेषेपासून आणि किनारा वेडावाकडा असेल तिथे आखलेल्या सरळ आधाररेषेपासून. १०५ ला २२.२ ने गुणले तर ढोबळमानाने २३३० चौ.कि.मी. पाणी येते. गोवा एकदम ६००० च्या वर जाईल आणि घनता ३९४ वरून २४२ वर उतरेल. माणसे तेवढीच, घरे तेवढीच, आणि कागदावर मात्र गोवा मोकळा मोकळा!

इतिहासात डोकावले तर आणखी गंमत आहे. १९५६ साली भारताने ही हद्द ६ सागरी मैल ठरवली आणि १९६७ साली ती १२ केली. समुद्र क्षेत्रफळात धरायची रीत असती, तर मुक्तीनंतर सहाच वर्षांत गोव्याच्या वाट्याचे पाणी एका घोषणेने दुप्पट झाले असते, आणि जमीन वीतभरही वाढली नसती.

सगळीकडे अशीच रीत आहे असे मात्र नाही. अमेरिकेतल्या हवाई राज्याचे एकूण क्षेत्रफळ २८,३१३ चौ.कि.मी. सांगतात, त्यात जमीन १६,६३५ च आहे. उरलेले बहुतेक किनाऱ्यालगतचे समुद्राचे पाणी. तिथे १९५३ च्या कायद्याने किनाऱ्यालगतचा समुद्रतळ सर्वसाधारणपणे ३ सागरी मैलांपर्यंत राज्यांना दिला. आपल्याकडे संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदाने क्षेत्रीय समुद्राखालची जमीन, खनिजे आणि मौल्यवान वस्तू केंद्राकडे दिल्या आहेत. म्हणून दोन देशांचे आकडे शेजारी ठेवण्याआधी त्यांत पाणी किती, हे विचारावे.

मग समुद्रात गोव्याचे काहीच नाही काय? आहे, मासळी आहे. मासेमारी हा राज्यसूचीतला विषय. क्षेत्रीय समुद्राच्या पलीकडची मासेमारी तेवढी केंद्राची. म्हणून तर १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आपल्या विधानसभेने केला. थोडक्यात, त्याच पाण्यातला बांगडा राज्याच्या अखत्यारीत आणि तळाखालचे खनिज केंद्राचे.

पण हे पाणी कुठे संपते? जमिनीवर गावाची हद्द दगडाने दाखवता येते. उत्तरेला तेरेखोलपाशी, दक्षिणेला पोळ्यापाशी राज्याची सीमा किनाऱ्यावर येऊन थांबते. तिच्यापुढे समुद्रात दोन राज्यांमधली रेषा कशी न्यायची, हे संविधानाने सांगितलेले नाही. अंजदीव बेटाचेच पाहा. १९६१ पर्यंत ते पोर्तुगीजांकडे होते, म्हणून ते गोव्याकडे आले आणि काणकोण तालुक्यात गणले गेले. प्रत्यक्षात ते कारवारच्या पुढ्यात, कर्नाटकच्या किनाऱ्याजवळ आहे. बेटाची जमीन जेमतेम दीड चौ.कि.मी. ती गोव्याच्या हिशेबात बसते. पण बेटाभोवती १२ मैलांचे वर्तुळ काढून तेही गोव्याचे म्हणायचे ठरवले, तर कारवार शहरही त्या वर्तुळाच्या आत येईल! जमीन मोजली आणि पाणी सोडले, म्हणूनच हा आकडा भांडणाशिवाय छापता येतो.

भांडण कागदावर नाही, ते समुद्रात आहे. मालवणच्या समुद्रात गोव्याचे ट्रॉलर पकडले गेले की 'आमची हद्द, तुमची हद्द' सुरू होते. त्या वादात ३७०२ चा आकडा कुणाच्याच उपयोगाचा नाही.

भाच्याला मी एवढेच सांगितले, "क्षेत्रफळापुढे कंसात 'समुद्र सोडून' असे लिही." त्याने लिहिले. बाईंनी त्याखाली लाल शाईने प्रश्नचिन्ह काढले. आता हा लेख त्याच्याबरोबर शाळेत पाठवणार आहे.