हिरवे सफरचंद: ‘सेर’ आणि ‘एस्तार’ यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

‘सफरचंद हिरवं आहे.’ स्पॅनिश नुकतेच शिकायला लागलेल्या कोणालाही या वाक्याचे भाषांतर अवघड वाटत नाही. सफरचंद म्हणजे ‘मान्साना’, हिरवे म्हणजे ‘बेर्दे’. राहिले ‘आहे’. इथे मात्र हात थांबतो, कारण बरोबर उत्तरे दोन आहेत: ‘ला मान्साना एस बेर्दे’ आणि ‘ला मान्साना एस्ता बेर्दे’. पहिले वाक्य ऐकणाऱ्या स्पॅनिश माणसाच्या डोळ्यांपुढे हिरव्या जातीचे, कदाचित पूर्ण पिकलेले सफरचंद येते. दुसरे ऐकले की तो ते फळ बहुधा खायचे थांबवतो, कारण त्याला ऐकू आलेले असते: सफरचंद अजून कच्चे आहे.

‘एस’ हे ‘सेर’ या क्रियापदाचे रूप आणि ‘एस्ता’ हे ‘एस्तार’चे. मराठीत दोन्हींच्या जागी ‘आहे’ येते. या दोन क्रियापदांतला फरक हा स्पॅनिश व्याकरणातला सर्वांत जास्त चर्चिला गेलेला विषय असावा, आणि मराठी वाचकाने त्यात कुठून शिरावे हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना आहे.

बहुतेक वर्गांत पहिल्याच आठवड्यात एक नियम सांगितला जातो: कायमचे असेल तर ‘सेर’, तात्पुरते असेल तर ‘एस्तार’. हिरव्या सफरचंदाला तो लागू पडतो. जातीचा रंग बदलत नाही, कच्चेपणा चार दिवसांत जातो. म्हणूनच हा नियम पटकन पटतो आणि पुढे वर्षानुवर्षे त्रास देतो. मृत्यूइतके कायमचे दुसरे काय असणार? तरीही माणूस मेलेला आहे हे सांगताना स्पॅनिशमध्ये ‘एस्ता मुएर्तो’ म्हणतात, म्हणजे ‘एस्तार’. माद्रिद शतकानुशतके स्पेनमध्येच आहे, आणि तिथेही ‘एस्ता’. उलट तारुण्य सरणारे, विद्यार्थिदशा संपणारी. पण ‘तो तरुण आहे’ आणि ‘तो विद्यार्थी आहे’ ही दोन्ही वाक्ये ‘सेर’ने होतात. घड्याळात एक वाजला तर तो साठ मिनिटेच टिकतो, आणि स्पॅनिश म्हणते ‘एस ला ऊना’. नियमाला इतके अपवाद असतील तर तो नियम चुकीच्या जागी उभा आहे, असे समजून तो सोडून द्यावा.

काळ किती लांब, हा प्रश्नच इथे नाही. गुण कोणत्या मापाने मोजला, हा प्रश्न आहे. ‘सेर’ वापरणारा बोलणारा त्या वस्तूला इतर वस्तूंच्या शेजारी ठेवतो. सफरचंदांत लाल असतात, पिवळी असतात, हे हिरव्यांपैकी आहे. ‘एस्तार’ वापरणारा तीच वस्तू तिच्याच दुसऱ्या अवस्थेशी ताडून पाहतो. हे सफरचंद पिकल्यावर जसे होईल तसे अजून झालेले नाही. मृत्यूचे कोडे इथे सुटते. मेलेला माणूस हा माणसांचा एक प्रकार म्हणून सांगितला जात नाही. तोच माणूस जिवंत होता, त्या अवस्थेशी त्याची आताची अवस्था ताडलेली असते. तारुण्याचेही तसेच. वयाच्या गटांत माणूस कुठे बसतो हे सांगायचे म्हणून ‘एस होबेन’. पण साठीच्या एखाद्या गृहस्थाला पाहून कोणी ‘एस्ता होबेन’ म्हणाले, तर त्याचा अर्थ ‘अजून तरुण दिसतात’ असा होतो. विशेषण तेच, माणूस तोच, मोजायचे माप बदलले.

मराठीत हा फरक करता येत नाही, अशी समजूत वर्गात फार लवकर पसरते. मला ती चुकीची वाटते. मराठी हा फरक सतत करते, फक्त तो ‘आहे’वर लादत नाही, दुसरी क्रियापदे कामाला लावते. सुट्टीत भेटलेल्या भाच्याला मावशी ‘किती उंच झालायस रे!’ म्हणते. ‘किती उंच आहेस’ हे ती अनोळखी मुलाला म्हणेल. स्पॅनिश मावशी भाच्याला ‘के आल्तो एस्तास’ म्हणेल, आणि त्या अनोळखी मुलाबद्दल ‘एस आल्तो’. नटून आलेल्या मैत्रिणीला आपण ‘आज छान दिसतेस’ म्हणतो. तिथे ‘एस्तास ग्वापा’. सूप चाखून ‘छान झालंय’ किंवा ‘छान लागतंय’ म्हणतो. तिथे ‘ला सोपा एस्ता बुएना’. या शेवटच्या वाक्यात आणखी एक सूक्ष्म अट आहे. ते म्हणणाऱ्याने सूप तोंडात घातलेले असावे, अशी ऐकणाऱ्याची अपेक्षा असते. न चाखता, केवळ पथ्याला सूप चांगले असते म्हणून बोलणारा ‘एस बुएना’ म्हणेल. मराठीतही न चाखता ‘छान लागतंय’ म्हणता येत नाहीच. (हेच ‘एस्ता बुएना’ बाईमाणसाबद्दल मात्र वापरू नये. त्याचा अर्थ शरीराच्या आकर्षणाकडे जातो आणि तो चारचौघांत असभ्य वाटतो. स्वभावाने चांगली म्हणायचे तर ‘एस बुएना’.)

त्याहून पक्की खूण आपल्या ‘-लेला’ प्रत्ययात आहे. ‘दार उघडलेलं आहे’, ‘भांडं फुटलेलं आहे’, ‘तो मेलेला आहे’: क्रिया घडून गेली आणि तिचा परिणाम समोर आहे, असे जिथे म्हणायचे असते, तिथे स्पॅनिशमध्ये जवळजवळ नेहमी ‘एस्तार’ येते. ‘ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता’ म्हणजे दार उघडलेले आहे. त्याच जागी ‘सेर’चे भूतकाळी रूप घातले की ‘ला पुएर्ता फुए आबिएर्ता’ होते, म्हणजे दार उघडले गेले, कोणीतरी ते उघडले. एकात अवस्था आहे, दुसऱ्यात घटना. लग्नाच्या बाबतीत मात्र ही खूण पुरेशी नाही. ‘लग्न झालेलं आहे’ यासाठी ‘एस्ता कासादो’ सर्रास चालते, पण समाजातला दर्जा म्हणून ‘एस कासादो’ही म्हणतात, आणि दोन्ही बरोबर मानले जातात.

मराठी विद्यार्थ्याच्या वाटेत एक सापळा असा आहे की तो हुशार विद्यार्थ्यालाच जास्त पकडतो. आपल्याकडेही ‘आहे’ आणि ‘असतो’ अशी दोन रूपे आहेत. ‘आंबा गोड असतो’ हे आंब्याविषयीचे सर्वसाधारण विधान, ‘आंबा गोड आहे’ हे हातातल्या आंब्याविषयीचे. तेव्हा ‘असतो’ म्हणजे ‘सेर’ आणि ‘आहे’ म्हणजे ‘एस्तार’, असे समीकरण मनात तयार होते. आंब्यापुरते ते जमते. पण ‘मी डॉक्टर आहे’ यात ‘आहे’ असूनही स्पॅनिशला ‘सेर’च लागते, कारण नामाने ओळख सांगताना दुसरा पर्यायच नाही. उलट ‘बाबा संध्याकाळी घरी असतात’ यात ‘असतात’ असूनही तिथे ‘एस्तार’च येते, कारण ठिकाण सांगितले आहे. मराठी जोडी ‘आत्ता’ आणि ‘नेहमी’ यांत फरक करते. स्पॅनिश जोडीचा फरक त्या रेषेला आडवा जातो. दोन्ही जोड्या एकमेकींवर बसवायचा मोह सुरुवातीलाच सोडला, तर पुढचे खूप श्रम वाचतात.

ठिकाणाचा नियम सोपा आहे असे म्हणतात, आणि वस्तू व माणसे यांच्यापुरता तो खरोखरच सोपा आहे: सगळीकडे ‘एस्तार’, मग ते खिशातले पाकीट असो की अँडीज पर्वत. गोव्यात जे आधी पोर्तुगीज शिकलेले आहेत ते नेमके इथे अडखळतात. पोर्तुगीजमध्येही हीच दोन क्रियापदे आहेत, पण शहर किंवा इमारत कुठे आहे हे सांगताना ती भाषा ‘सेर’ किंवा ‘फिकार’ वापरते. स्पॅनिशमध्ये गाठ पडते ती कार्यक्रमांपाशी. बैठक, लग्न, मैफल या गोष्टी कुठे ठेवलेल्या नसतात. त्या तिथे घडतात, म्हणून ‘सेर’. ‘एक्सामेन’ या शब्दाने हे छान उलगडते. ‘दोन्दे एस एल एक्सामेन’ विचारले तर उत्तर येईल: दुसऱ्या मजल्यावर, तीन नंबरच्या वर्गात. ‘दोन्दे एस्ता एल एक्सामेन’ विचारले तर उत्तर येईल: टेबलावर, कारण आता विचारणा परीक्षेची नसून तिच्या कागदांची झाली.

ही वाटणी भाषेत पहिल्यापासून नव्हती. ‘एस्तार’ लॅटिन ‘स्तारे’पासून आले, म्हणजे उभे राहणे, आपल्या संस्कृत ‘स्था’चे ते सख्खे भावंड. ‘सेर’मध्ये दोन लॅटिन क्रियापदे मिसळली आहेत: संस्कृत ‘अस्’शी नाते असलेले ‘एस्से’, आणि ‘सद्’शी नाते असलेले, बसणे या अर्थाचे ‘सेदेरे’. मध्ययुगीन कास्तिलियनमध्ये माणूस कुठे आहे हे ‘सेर’नेही सांगता येई, ज्याची जुनी प्रत 1207 या सालाशी जोडली जाते त्या सीदच्या वीरकाव्याच्या काळातली भाषा अशीच होती. पुढच्या शतकांत ‘एस्तार’ने ठिकाणाचा प्रांत घेतला, मग परिणामदर्शक कृदंतांचा, मग विशेषणांत पाय रोवले.

ही वाटचाल थांबलेली नाही. कार्मेन सिल्वा-कोर्व्हालान यांनी 1986 साली लॉस एंजेलिसमधल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या बोलण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या द्वैभाषिक लोकांत आकार, वय, रूप सांगणाऱ्या विशेषणांबरोबर ‘सेर’च्या जागी ‘एस्तार’ सरकत चालल्याचे त्यांनी दाखवले, आणि या बदलाची सुरुवात मेक्सिकोतच झालेली दिसते. त्यामुळे मेक्सिकन मित्र घर लहान आहे हे सांगताना ‘एस्ता चिकीता’ म्हणाला, तर त्याचे घर पूर्वी मोठे होते असा निष्कर्ष काढू नये. माद्रिदमध्ये तीच शंका रास्त ठरेल. वर दिलेले तुलनेचे माप वापरताना बोलणारा कुठला, हे आधी पाहावे लागते.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने कोणत्या क्रमाने जावे, याचे उत्तर शिकणाऱ्यांच्या निरीक्षणातून मिळते. बिल व्हॅनपॅटन यांनी 1980च्या दशकात इंग्रजीभाषक विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. ते आधी जोडणारे क्रियापदच गाळत, मग सगळीकडे ‘सेर’ वापरत. नंतर चालू क्रियेच्या रचनेत ‘एस्तार’ येई, पुढे ठिकाणात, आणि सर्वांत शेवटी विशेषणांबरोबर. मराठी विद्यार्थ्यांनाही मी हाच क्रम सुचवतो. चालू क्रिया आणि वस्तू-माणसांचे ठिकाण यांत निवड करावी लागत नाही, नुसता सराव पुरतो. नामांबरोबरही ‘सेर’ ठरलेले आहे. सफरचंदाचा प्रश्न विशेषणांत उभा राहतो, आणि तिथे प्रत्येक विशेषण दोन्ही क्रियापदांसह वेगवेगळे वाचावे लागते: ‘एस लिस्तो’ म्हणजे हुशार आहे, ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तयार आहे, ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे कंटाळवाणा, ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे कंटाळलेला. वही दोन रकान्यांची करावी, आणि प्रत्येक रकान्यात मराठी अर्थ लिहिताना ‘आहे’ हा शब्द वापरायचाच नाही असे ठरवावे. झाला, दिसतो, लागतो, वाटतो, ‘-लेला’ यांपैकी काय वापरावे लागले, ते पाहून ‘एस्तार’चा रकाना ओळखू येऊ लागतो.