अण्णा भाऊ साठ्यांना आज मानधन मिळालं असतं का?

घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहत होते हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. 'फकिरा'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला तो १९६१ साली. त्याच वर्षी ते रशियालाही जाऊन आले. शेवटचा काळ त्यांनी गोरेगावच्या सिद्धार्थनगरात काढला आणि १८ जुलै १९६९ ला हलाखीतच ते गेले. २००२ मध्ये त्यांच्या नावाचं चार रुपयांचं टपाल तिकीट निघालं.

आता एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. गरीब साहित्यिक-कलावंतांना महिन्याला मानधन देण्याची सरकारी योजना त्यांच्या हयातीतही होती. ती १९५४-५५ पासून सुरू आहे. पूर्वी तिला 'वृद्ध साहित्यिक व कलावंत मानधन योजना' म्हणायचे, आता तिचं नाव 'राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना' आहे. आमच्या भागातल्या चार-पाच जुन्या कलाकारांचे कागद जमवताना माझ्या डोक्यात एक प्रश्न घोळत राहिला. अण्णा भाऊंनी आजच्या नियमांत अर्ज केला असता, तर काय झालं असतं? बसवूनच बघू.

पहिली अट वयाची. वय किमान ५० हवं. दिव्यांग असेल तर दहा वर्षांची सूट, म्हणजे ४०. अण्णा भाऊंचा जन्म १ ऑगस्ट १९२०चा. गेले तेव्हा एकोणपन्नासावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता. म्हणजे पहिल्याच रकान्यात अर्ज बाद! योजनेच्या जुन्या नावातच 'वृद्ध' होतं. पण ज्यांचं अख्खं आयुष्य गिरणी, मोर्चा आणि झोपडपट्टीत गेलं त्यांच्यातले कितीतरी पन्नाशीपर्यंत पोचतच नव्हते, आणि अण्णा भाऊ त्यांतलेच.

समजा, ते आणखी दोन-चार वर्षं जगले असते. पुढची अट नावाची, आणि आजही सगळ्यात जास्त अर्ज मला इथेच अडताना दिसतात. अण्णा भाऊंचं खरं नाव तुकाराम भाऊराव साठे. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक निघालं असतं तुकारामच्या नावाने. पुस्तकं, पोस्टर, पेपरातली कात्रणं मात्र सगळी 'अण्णा भाऊ'च्या नावाने. मानधन आधार जोडलेल्या बँक खात्यात जमा होतं, त्यामुळे कागदावरचं नाव आणि कलेतलं नाव एकाच माणसाचं आहे हे दाखवावं लागतं. आपल्याकडच्या शाहिरांना, ढोलकीवाल्यांना, भजनीबुवांना सगळे टोपणनावानेच ओळखतात. अशा वेळी दोन्ही नावांचं प्रतिज्ञापत्र अर्ज भरण्याआधीच करून ठेवावं. छाननीत शंका आली की फाईल तिथेच थांबते. जन्मतारखेचंही तसंच. अण्णा भाऊ शाळेत गेले जेमतेम दीड दिवस. शाळा सोडल्याचा दाखला आणणार कुठून?

तिसरी अट म्हणजे कलेत किमान १५ वर्षांचं काम. अण्णा भाऊंना हे सोपं होतं. अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभं राहिलं १९४४ मध्ये, आणि पुस्तकं तर छापलेलीच होती. लेखकाचा पुरावा कपाटात उभा असतो. पण ज्याने वीस वर्षं दुसऱ्याच्या फडात झांज वाजवली, त्याचा पुरावा कुठला? पोस्टरवर नाव फक्त मुख्य शाहिराचं. मुलुंड-भांडुपकडच्या एका नमनातल्या मृदंगवाल्या काकांकडे एकही कागद नव्हता. शेवटी मंडळाच्या जुन्या निमंत्रणपत्रिका, जत्रेच्या कमिटीची पावती आणि एक पिवळा पडलेला फोटो, एवढ्यावर १५ वर्षं जुळवावी लागली. कात्रणावर तारीख दिसली पाहिजे, नुसतं कौतुक असून उपयोग नाही.

आता खरी मेख. योजना अशांसाठी आहे ज्यांचं पोट कलेवरच अवलंबून होतं आणि ज्यांना आज दुसरं साधन नाही. अण्णा भाऊंनी स्वतः गिरणीत काम केलं होतं. मुंबईची लोककलाच मुळी दिवसा कामावर आणि रात्री फडावर जाणाऱ्या माणसांनी जगवली. गावाकडचा तमाशा कलावंत आठ महिने फडाबरोबर हिंडतो, त्याला ही अट बसते. उपनगरातल्या नमन, शक्ती-तुरा किंवा भजनवाल्याला ती बसत नाही, कारण नुसत्या कलेवर इथली खोली परवडलीच नसती.

उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ६० हजार, म्हणजे महिना पाच हजार. मानधनही २०२४ पासून सरसकट पाच हजारच झालंय. आधी राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा पातळीचे असे अ, ब, क वर्ग होते आणि क वर्गाला २२५० रुपये मिळायचे. वर्ग गेले ते बरं झालं, कारण झांजवाल्याला 'राष्ट्रीय' कोण ठरवणार? पण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सहसा अख्ख्या कुटुंबाचा असतो. मुलगा अंधेरीत सिक्युरिटीला लागला तरी घरात महिना पाच हजारांपेक्षा जास्तच येतात. मग म्हातारा कलाकार कागदावर 'गरीब' उरत नाही.

शेवटचं गणित जिल्ह्याचं. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून नवे १०० जण घ्यायचे, पूर्वी हा आकडा ६० होता. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांवर लोक होते, सिंधुदुर्गात साडेआठ लाखांच्या आसपास. अकरा पट माणसं आणि वाटा तेवढाच. सिंधुदुर्गात दशावतार आहे, तिथे कलाकार दाट असणार, हे कबूल. पण तिथल्याच कितीतरी घरांतली माणसं पोटासाठी इथे आली आणि कला बरोबर घेऊन आली. पत्ता बदलला की त्यांची रांग लांब होते.

अर्ज आता ऑनलाइन भरावा लागतो. आधार, वयाचा पुरावा, रहिवासी आणि उत्पन्नाचे दाखले, पासबुक आणि कामाचे पुरावे लागतात. नवरा-बायको दोघं असतील तर एकत्र फोटोही लागतो. तो टाळू नका, कारण कलावंत गेल्यावर मानधन जोडीदाराला पुढे चालू राहतं आणि तेव्हा तोच फोटो कामाला येतो. मंजूर झाल्यावर दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरलं की पैसे थांबतात.

चिरागनगरात अण्णा भाऊंच्या स्मारकाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. व्हावं ते. पण त्याच गल्ल्यांत आज एखादा अठ्ठेचाळीस वर्षांचा, आजारी, कागद नसलेला शाहीर असेल तर त्याला कुठल्या रकान्यात बसवायचं? माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. गंभीर आजार असेल तर दिव्यांगांसारखीच वयाची सूट स्पष्ट लिहून द्या, आणि जिल्ह्याचा कोटा लोकसंख्या आणि आलेले अर्ज बघून ठरवा. तुमच्या चाळीत असं कोणी अडलं असेल, तर नेमकं कुठल्या कागदावर अडलं ते खाली लिहा. नावं नकोत, अडचण लिहा.