प्रश्नमंजुषेच्या बक्षीस समारंभात भाषण करायचंय? मग ते आदल्या रात्री पूर्ण लिहू नका

शाळेत प्रश्नमंजुषा होते, शेवटच्या फेरीपर्यंत मुलं खुर्चीच्या टोकावर बसलेली असतात. मग बक्षीस समारंभ सुरू होतो, प्रमुख पाहुणे माईक हातात घेतात आणि पाचव्या मिनिटाला मागच्या रांगांमध्ये कुजबुज सुरू होते. कारण बहुतेक वेळा एकच असतं. भाषण आदल्या रात्री लिहून झालेलं असतं आणि त्यात समोर नुकत्याच झालेल्या स्पर्धेबद्दल एक ओळही नसते. तेच भाषण वक्तृत्व किंवा चित्रकला स्पर्धेतही खपून गेलं असतं.

मग लिहायचं कसं?

मधली जागा रिकामी ठेवा

आदल्या दिवशी फक्त सुरुवात आणि शेवट लिहायचा. मधला भाग स्पर्धा बघून भरायचा. त्यासाठी स्पर्धा चालू असताना वहीत एकच गोष्ट टिपायची: असा प्रश्न, ज्यावर एखादा संघ अडखळला, उत्तर अगदी जवळ जाऊन चुकलं किंवा प्रश्न पास होत होत शेवटच्या संघापर्यंत गेला. तो प्रश्न सभागृहातल्या सगळ्यांनी ऐकलेला असतो. त्यामुळे भाषणात त्याचा उल्लेख आला की मुलं लगेच वर बघतात.

एक उदाहरण बघू

समजा प्रश्न होता, ‘भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कोणत्या दोन ठिकाणांदरम्यान धावली?’ एका संघाने ‘सीएसएमटी ते ठाणे’ असं सांगितलं आणि गुण गेले. बरोबर उत्तर होतं, बोरीबंदर ते ठाणे.

आता यावर भाषणाचा मधला भाग असा उभा राहतो:

“मघाशी रेल्वेच्या प्रश्नावर एक उत्तर थोडक्यात हुकलं. पण ते उत्तर का सुचलं असेल? कारण आज त्याच भागात सीएसएमटी उभं आहे. गंमत अशी की 16 एप्रिल 1853 ला गाडी सुटली तेव्हा ही इमारत नव्हतीच. तिचं काम 1878 मध्ये सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. पहिल्या गाडीला 14 डबे होते आणि ती ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती. म्हणजे ज्याने ते उत्तर दिलं, त्याची जागा बरोबर होती, काळ चुकला. घरी गेल्यावर तुमच्या गावचं स्टेशन किंवा एसटी स्टँड कधी झालं, हे आजी-आजोबांना विचारून बघा.”

यात दोन गोष्टी साधल्या. जिंकलेल्यांना नवी माहिती मिळाली आणि हरलेल्या मुलाला कळलं की आपण अगदीच काहीतरी बोललो नव्हतो. बक्षीस न मिळालेली मुलं सभागृहात नेहमीच जास्त असतात, भाषण त्यांच्यासाठीही असतं. मात्र चुकलेल्या संघाचं किंवा मुलाचं नाव घ्यायचं नाही. हेतू चांगला असला तरी मित्र महिनाभर चिडवतात.

आधी क्विझमास्टरला विचारा

निवडलेल्या प्रश्नाचं उत्तर आणि त्याबद्दल सांगायची माहिती क्विझमास्टरकडून तपासून घ्यायची. एखाद्या उत्तरावर आक्षेप आला असेल, तर तो प्रश्न भाषणात घ्यायचाच नाही. पाहुण्यांनी मंचावरून ‘खरं उत्तर’ सांगितलं आणि ते निकालाच्या विरुद्ध निघालं, तर वाद पुन्हा पेटतो. तोही बक्षिसं द्यायच्या वेळी!

भाषण बक्षिसांच्या आधी आहे की नंतर, हेही विचारून घ्या. आधी असेल आणि निकाल जाहीर व्हायचा असेल, तर विजेत्या संघाकडे इशारा करणारं वाक्य चुकूनही नको.

तीन मिनिटं म्हणजे किती शब्द?

मंचावरून सावकाश मराठी बोलताना मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. म्हणजे तीन मिनिटांसाठी 300 ते 350 शब्द पुरतात. यातला सर्वात जास्त वेळ नकळत मान्यवरांची नावं घेण्यात जातो. सूत्रसंचालकाने ती आधीच घेतलेली असतात, त्यामुळे ‘व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षक, पालक आणि स्पर्धक मित्रांनो’ एवढं पुरेसं आहे.

विजेत्यांची नावं पाहुण्यांनीच पुकारायची असतील, तर यादी हातात आल्यावर वर्गशिक्षकांसमोर एकदा मोठ्याने वाचून घ्या. विशेषतः यादी इंग्रजीत टाइप केलेली असेल तर. ‘Kale’ हे काळे की काले, हे कागद सांगत नाही. आणि पुकारताना तिसऱ्या क्रमांकापासून सुरुवात करा. पहिलं नाव आधी घेतलं, तर पुढच्या दोघांसाठीच्या टाळ्या निम्म्यावर येतात.

शेवट एका वाक्यात करा आणि माईक सोडा. मुलांचं लक्ष तोवर टेबलावरच्या ट्रॉफीकडे गेलेलं असतं.